अनोळखी मॅडमना पंधरा मिनिटं मागताना

जानेवारीतल्या एका रविवारी माझी भाची मोबाइल घेऊन घरी आली आणि म्हणाली, "मावशी, एवढं वाचून दे ना. तीन दिवस झाले, पाठवायचं बटण दाबायला हात होत नाहीये." भाची म्हणजे मावसबहिणीची मुलगी. सांगली जिल्ह्यातल्या कॉलेजातून सिव्हिल इंजिनिअर झाली आणि गेली अडीच वर्षं वाकडला एका इमारतीच्या साइटवर आहे. स्लॅब, सळई, ठेकेदाराची बिलं यांत तिचा दिवस जातो. डिसेंबरात तिने पुण्यातच एक व्याख्यान ऐकलं होतं. बोलणाऱ्या बाई पाटबंधारे खात्यातून मोठ्या पदावरून निवृत्त झालेल्या आणि आता धरण-सुरक्षेच्या सल्लागार म्हणून काम करणाऱ्या. ते ऐकल्यापासून हिच्या डोक्यात इमारती सोडून धरणांकडे वळायचं घोळत होतं, आणि त्यासाठी त्या बाईंशी एकदा बोलायचं होतं. ओळख काहीच नव्हती, मध्यस्थही कुणी नव्हता. हाताशी होता तो फक्त व्याख्यानाच्या शेवटच्या स्लाइडवरचा ई-मेल पत्ता.

मी स्वतः एका अभियांत्रिकी सल्लागार कंपनीत वीसेक वर्षं आहे. महिन्याला चार-पाच तरी असे अनोळखी मेल मला येतात, त्यामुळे हे मेल दुसऱ्या टोकाकडून कसे वाचले जातात ते मला ठाऊक आहे. भाचीचा मेल असा होता:

विषय: मार्गदर्शनाबाबत नम्र विनंती

"आदरणीय मॅडम, सविनय नमस्कार. मी सिव्हिल इंजिनिअर असून मला अडीच वर्षांचा अनुभव आहे. मला लहानपणापासूनच धरणांचे आकर्षण आहे. आपण या क्षेत्रातील एक अत्यंत नामवंत व्यक्ती आहात. आपण आपला अमूल्य वेळ काढून मला करिअरबाबत सविस्तर मार्गदर्शन करावे, ही नम्र विनंती. आपण या आठवड्यात केव्हा उपलब्ध आहात, ते कृपया कळवावे. सोबत माझा बायोडेटा जोडला आहे. आपल्या सकारात्मक प्रतिसादाच्या प्रतीक्षेत. आगाऊ धन्यवाद."

"उद्धट वाटतंय का?" तिने विचारलं. उद्धट मुळीच नव्हतं. नऊ वाक्यांत दोनदा 'नम्र' किंवा 'सविनय' होतं, एकदा 'कृपया', एकदा 'अमूल्य'. आणि तरीही त्या मेलमध्ये हट्ट होता. आपल्याकडे नम्रता शब्दांत मोजायची सवय आहे. मेल वाचणारा मात्र वेगळंच मोजतो: याला हो म्हटलं तर माझ्या गळ्यात काय काय पडेल, आणि नाही म्हणायचं तर मला किती अवघड जाईल? या मेलची दोन्ही उत्तरं वाईट होती.

'सविस्तर मार्गदर्शन' हेच घ्या. मराठीत याहून मोठं मागणं शोधूनही सापडायचं नाही. मार्गदर्शनाला सुरुवात असते, शेवट नसतो. दहा मिनिटं बोलायचं की दर महिन्याला एकदा? नोकरी सुचवायची, चिठ्ठी द्यायची, की आयुष्याची दिशा ठरवून द्यायची? वाचणाऱ्याला अंदाज येत नाही, आणि अंदाज आला नाही की तो मेल 'नंतर बघू'मध्ये जातो. तिथून परत येणारे मेल मी फार थोडे पाहिलेत.

दुसरी गोष्ट क्रियापदांची. 'मार्गदर्शन करावे', 'कळवावे'. ही क्रियापदं आपण शाळेतल्या अर्जापासून गिरवत आलो आहोत, म्हणून ती आपल्याला सभ्य वाटतात. पण हीच क्रियापदं सरकारी परिपत्रकात पाहा: 'सर्व विभागप्रमुखांनी नोंद घ्यावी', 'अहवाल तत्काळ सादर करावा.' तिथे ती सरळ हुकूम असतात. ज्या बाईंनी तीस-पस्तीस वर्षं असली परिपत्रकं वाचली आणि काढली, त्यांच्या कानाला 'उपलब्धता कळवावी' कसं लागेल? 'बोलता येईल का?' हा साधा प्रश्न आहे आणि त्याला 'नाही' हे उत्तर असू शकतं. 'वेळ द्यावा'मध्ये नाहीला जागाच ठेवलेली नसते. इंग्रजीत लिहिणाऱ्यांची गत काही निराळी नाही. 'काइंडली रिव्हर्ट अ‍ॅट द अर्लिएस्ट' लिहिणाऱ्याला आपण अदबीने लिहिलं असंच वाटत असतं.

'आगाऊ धन्यवाद' तर मला कधीच आवडलं नाही. त्याचा अर्थ इतकाच की तुम्ही हो म्हणणार हे मी धरून चाललो आहे. 'सकारात्मक प्रतिसादाच्या प्रतीक्षेत'चंही तेच.

आपली जुनी पत्रं या बाबतीत शहाणी होती. 'सा. न. वि. वि.' म्हणजे साष्टांग नमस्कार, विनंती विशेष. चार अक्षरांत दंडवत आटोपायचा आणि पुढच्याच शब्दाला कामाचं बोलायचं. शेवटी 'कळावे, लोभ असावा', की पत्र संपलं. मान द्यायचा तो पत्राच्या साच्यातच बसवलेला असे. त्यामुळे मजकुरात 'आपण थोर, आपला वेळ अमूल्य' असली भर घालावी लागत नसे.

भाचीने बायोडेटा जोडला होता. "त्यांना माझी माहिती नको का?" बिनतोड वाटणारा प्रश्न आहे. पण बायोडेटा जोडला की मेलचा अर्थ बदलतो. वाचणारा मनाशी म्हणतो, अच्छा, नोकरी पाहिजे. मग तो एक तर मेल कार्यालयातल्या दुसऱ्या कुणाकडे ढकलतो किंवा सध्या जागा नाही म्हणून गप्प बसतो. हिला नोकरी मागायचीच नव्हती. वाट कोणती हे विचारायचं होतं. त्या कामातल्या माणसांना गाठून त्यांच्याकडून ते काम समजून घ्यायचं, या प्रकाराला अमेरिकेत 'इन्फर्मेशनल इंटरव्ह्यू' म्हणतात. तो लोकांपर्यंत पोहोचवण्यात रिचर्ड बोल्स या पाद्र्याचा मोठा वाटा होता. १९६८मध्ये खर्चकपातीत त्याची सॅन फ्रान्सिस्कोतल्या चर्चमधली नोकरी गेली आणि १९७०मध्ये त्याने काम शोधणाऱ्यांसाठी पुस्तक स्वतःच छापलं. पुढे लोकांनी या पद्धतीला चोरवाट करून टाकलं. नाव माहितीचं आणि डोळा नोकरीवर. त्यामुळे आता 'फक्त माहिती हवी आहे' म्हटलं तरी अनुभवी माणूस सावध होतो. बायोडेटा दिसला की त्याचा संशय खरा ठरतो.

संशयाचा मुद्दा जरा थांबून पाहण्यासारखा आहे. फ्रान्सिस फ्लिन आणि व्हॅनेसा बोन्स या दोन संशोधकांनी २००८मध्ये काही प्रयोग प्रसिद्ध केले. विद्यार्थ्यांना अनोळखी लोकांकडून पाच प्रश्नावल्या भरून आणायला सांगितलं आणि आधी विचारलं, किती जणांना विनवावं लागेल असं वाटतं? त्यांचा अंदाज होता वीसच्या आसपास. प्रत्यक्षात साधारण दहांतच काम झालं. समोरचा किती सहज हो म्हणेल याचा अंदाज मागणारा नेहमी कमी बांधतो, कारण तोंडावर नाही म्हणणं किती जड जातं हे त्याच्या लक्षात येत नाही. ही बातमी ऐकून हुरूप येतो. पण याच बोन्सबाईंनी महदी रोघानिझाद यांच्याबरोबर २०१७मध्ये हेच मागणं ई-मेलवर करून पाहिलं, तेव्हा चित्र उलटं झालं. समोर उभं राहून मागणं ई-मेलपेक्षा ३४ पट परिणामकारक ठरलं, आणि मेल पाठवणाऱ्यांना तर दोन्हींत फारसा फरक पडेल असं वाटलंच नव्हतं. कारण सरळ आहे. मेल लिहिणारा स्वतःला ओळखत असतो. आपण भले, आपला हेतू भला, हे त्याला माहीत असतं आणि वाचणाऱ्यालाही ते दिसत असणार असं तो गृहीत धरतो. वाचणाऱ्याला दिसतं ते एक परकं नाव आणि एक मागणं. शिवाय मेलवर नाही म्हणायला तोंड उघडावं लागत नाही. गप्प बसलं की झालं.

म्हणून अनोळखी मेलचं पहिलं काम मागणं नव्हे, संशय फेडणं. तू कोण, मी कशी सापडले, आणि माझ्याकडेच का? या तीन प्रश्नांची उत्तरं वाचणाऱ्याला पहिल्या दोन-तीन वाक्यांत हवी असतात. फोनच्या पडद्यावर तर मेल उघडण्याआधी फक्त पाठवणाऱ्याचं नाव, विषय आणि पहिल्या ओळीचा तुकडा दिसतो. भाचीच्या मेलचा तो तुकडा 'आदरणीय मॅडम, सविनय नमस्कार' इथेच संपत होता. दिसायला सुंदर, कळायला शून्य. आणि तिचा ई-मेल पत्ता कॉलेजातल्या टोपणनावाचा होता, तो आधी बदलायला लावला. कंपनीच्या पत्त्यावरून मात्र पाठवू नकोस म्हटलं. दुसरीकडे जायचा विचार चालू असताना मालकाचं लेटरहेड वापरू नये.

"बरं, माझ्याकडेच का, याचं उत्तर काय देशील?" मी विचारलं.

"त्या नामवंत आहेत."

"नामवंत पन्नास आहेत. त्या व्याख्यानातलं तुला काय आठवतं?"

ती सांगू लागली आणि तिचा चेहराच बदलला. मातीच्या धरणातून थोडं पाणी पाझरतच असतं, पायथ्याशी 'व्ही-नॉच' म्हणजे इंग्रजी व्हीच्या आकाराची खाच असलेली पाटी बसवून ते रोज मोजतात. नवीन माणूस घाबरतो ते आकडा वाढला की. पण मॅडम म्हणाल्या होत्या, आकड्याच्या आधी रंग बघा. पाझर गढूळ झाला तर धरणाची माती आतून वाहून जाते आहे, आणि ते वाढलेल्या पाण्यापेक्षा जास्त वाईट. "तेव्हापासून मी पायझोमीटरबद्दल वाचतेय," ती म्हणाली. धरणाच्या पोटात पाण्याचा दाब मोजणारं हे उपकरण.

हेच लिही, मी म्हटलं. बाईंचं स्तुतिस्तोत्र गाण्यापेक्षा त्यांचं एक वाक्य तुझ्यापर्यंत पोहोचलं आणि त्याने तुला काही करायला लावलं, एवढं सांगितलंस की बस. स्तुती कुणीही कुणाचीही करू शकतो. गढूळ पाझराची गोष्ट त्या सभागृहात बसलेल्या माणसालाच माहीत असणार. लहानपणापासूनचं आकर्षण काढून टाकलं. तशी ती खोटी नव्हती, कोयनेच्या बाजूला तिचं आजोळ आहे. पण ते वाक्य मी इतक्या मेलमध्ये वाचलंय की आता डोळा त्यावरून घसरून पुढे जातो.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो प्रश्न ठरवण्यात. तिच्या मनात तीन प्रश्न होते. पहिला: धरण-सुरक्षेच्या क्षेत्रात काय काय काम असतं? हे वाचून कळतं. २०२१चा धरण सुरक्षा कायदा उघडला तरी पावसाळ्यापूर्वीची आणि नंतरची तपासणी, उपकरणं, आपत्तीचा आराखडा, सगळं दिसतं. जे दोन तास वाचून कळेल ते मोठ्या माणसाला विचारलं की आपण ते दोन तास त्यांच्या खात्यावर टाकतो. दुसरा: मी हे क्षेत्र निवडावं का? याचं उत्तर बाईंकडे असणारच नाही, कारण त्यांना ही मुलगी माहीत नाही. तिसरा प्रश्न तिने शेवटी, जरा लाजतच सांगितला. आधी नोकरी सोडून एम.टेक. करायचं, की कमी पगारावर एखाद्या सल्लागार कंपनीत लागून धरणावर उपकरणांच्या नोंदी घेत शिकायचं? घरचे पहिलं म्हणतात, साइटवरचे सिनियर दुसरं, आणि दोघांनीही धरणावर काम केलेलं नाही.

हा प्रश्न बाईंसाठीच होता. नोंदी घेणारी पोरं पुढे कुठे पोहोचतात आणि पदवी घेऊन आलेली कुठे अडतात, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं असणार. असा प्रश्न ऐकला की अनुभवी माणसाच्या मनात उत्तर आपोआप तयार व्हायला लागतं, आणि मग त्याला ते सांगावंसं वाटतं. प्रश्न नेमका असला की वेळही आपोआप लहान होतो. 'करिअरबद्दल बोलायचंय' याला किती वेळ लागेल कोण जाणे, पण 'आधी हे की आधी ते' याला पंधरा मिनिटं पुरतात हे वाचणाऱ्यालाच समजतं.

मसुद्यात तिने लिहिलं होतं, 'तुम्ही माणसं निवडताना काय पाहता?' तो मी खोडायला लावला. प्रश्न चांगला आहे, पण 'निवडताना' या एका शब्दाने नोकरीचा वास मागच्या दाराने परत आला असता. फोनवर गप्पांत आपसूक निघाला तर विचार म्हटलं.

शेवटी जे पाठवलं ते असं:

विषय: पाझराच्या मोजमापावरचं तुमचं व्याख्यान – एक प्रश्न, १५ मिनिटं

"नमस्कार मॅडम,

डिसेंबरातल्या तुमच्या पुण्याच्या व्याख्यानाला मी आले होते. पाझर किती वाढला यापेक्षा तो गढूळ झाला का हे आधी बघा, असं तुम्ही म्हणालात. तेव्हापासून मी मातीच्या धरणांतल्या उपकरणांबद्दल वाचते आहे.

मी अडीच वर्षं पुण्यात इमारतींच्या साइटवर सिव्हिल इंजिनिअर म्हणून काम करते. धरण-सुरक्षेकडे वळायचा विचार आहे, पण एक गोष्ट बाहेरून कळत नाही. आधी एम.टेक. करणं बरं, की आधी धरणावर नोंदी घेण्याचं कनिष्ठ काम? तुमच्याबरोबर काम केलेल्या तरुण इंजिनिअरांपैकी कुणाला कोणती वाट उपयोगी पडली, हे तुमच्याकडून ऐकायला आवडेल.

यासाठी फोनवर १५ मिनिटं बोलता येईल का? कोणत्याही दिवशी संध्याकाळी सहानंतर किंवा रविवारी केव्हाही मला जमेल. तुम्ही सांगाल त्या वेळी मी फोन करीन. दोन ओळी लिहून कळवणं सोयीचं असेल तर तेही पुरेसं आहे. सध्या शक्य नसेल तर उत्तराची तसदी घेऊ नका, मी समजून घेईन.

तुमचा पत्ता व्याख्यानाच्या शेवटच्या स्लाइडवरून घेतला."

खाली नाव, गाव आणि फोन नंबर. एकूण सव्वाशे शब्दांच्या आसपास, फोनवर वाचताना जेमतेम दोनदा बोट फिरवावं लागेल एवढं.

मराठीत का, असं कुणी विचारेल. व्याख्यान मराठीत होतं म्हणून. ते इंग्रजीत असतं तर मेलही इंग्रजीत गेला असता. 'आपण'ऐवजी 'तुम्ही' वापरल्याने मान कमी होईल अशी भाचीला धास्ती होती. होत नाही. 'आपण'ने वाक्यं ताठ होतात आणि पुढे क्रियापदं परिपत्रकाकडे वळू लागतात, हा माझा अनुभव. कुणाला 'आपण' सहज जमत असेल तर खुशाल लिहावं.

वेळेबद्दल थोडं. हल्लीची पोरं स्वतःच्या कॅलेंडरची लिंक पाठवतात, यातून सोयीची वेळ निवडा म्हणून. बरोबरीच्या माणसांत ते ठीक. पण ज्यांच्याकडे आपण काही मागतोय त्यांनी आपल्या रिकाम्या चौकटी शोधत बसायचं, हे उफराटं आहे. उलट 'तुम्हाला जमेल तेव्हा' एवढंच लिहून सोडलं तर दिवस ठरवायचा व्याप त्यांच्याकडे जातो. म्हणून मोकळ्या वेळा दोन, आणि वर त्यांच्या सोयीला वाव. फोन आपण करायचा, हे वेगळं सांगायला नको, पण लिहिलेलं बरं.

'उत्तराची तसदी घेऊ नका' हे वाक्य भाचीला मुळीच पटेना. "असं लिहिलं तर त्या खरंच उत्तर देणार नाहीत!" शक्य आहे. पण ज्यांना द्यायचं नसतं त्या तशाही देत नाहीत. फरक पडतो तो काठावरच्या माणसाला. दार उघडं आहे हे दिसलं की त्याला कोंडल्यासारखं वाटत नाही. माझ्यापुरतं सांगते, ज्या मेलांनी मला मोकळं सोडलं त्यांना मी जास्त उत्तरं दिली आहेत. हे वाक्य एकदाच लिहायचं मात्र. तीनदा लिहिलं तर ते रडगाणं होतं.

मंगळवारी सकाळी दहाला पाठवलेला मेल जास्त वाचला जातो वगैरे तोडग्यांवर माझा फारसा विश्वास नाही. हंगाम मात्र पाहावाच. धरणाच्या माणसाला मे-जूनमध्ये गाठू नये, तेव्हा पावसाळ्यापूर्वीच्या तपासण्या चालू असतात. जुलै-ऑगस्टमध्ये तर नकोच, १२ जुलै १९६१ला पानशेत फुटलं हे पुण्यात कुणाला सांगावं लागत नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबर पुन्हा तपासणीचे. जानेवारी-फेब्रुवारी त्यातल्या त्यात निवांत. प्रत्येक व्यवसायाचे असे महिने असतात. चार्टर्ड अकाउंटंटला सप्टेंबरात आणि प्राध्यापकाला पेपर तपासणीच्या दिवसांत लिहून वर उत्तर आलं नाही म्हणून खट्टू व्हायचं, यात काही अर्थ नाही.

बुधवारी मेल गेला. आठवडा गेला, उत्तर नाही. नवव्या दिवशी भाचीचा फोन: "त्यांचा व्हॉट्सअ‍ॅप नंबर मिळालाय एका ग्रुपवर. 'मेल केला आहे, कृपया पाहावा' असं टाकू?" मी जवळजवळ ओरडलेच. आपल्याकडचा हा हमखास घात आहे. मेल करायचा, मग मेल केल्याचा मेसेज, मग मेसेज पाहिला का म्हणून मिस्ड कॉल. तुम्ही मेलमध्ये कितीही मोकळं सोडलेलं असू द्या, त्या निळ्या टिकांनी सगळं धुऊन जातं. शिवाय नंबर त्यांनी दिलेला नव्हता.

दहाव्या दिवशी एकच आठवण पाठवली, त्याच मेलला जोडून, म्हणजे आधीचा मजकूर खाली दिसावा: "मॅडम, मागच्या आठवड्यातला मेल गर्दीत राहिला असेल म्हणून एकदाच वर आणते आहे. प्रश्न तोच आहे, घाई नाही. यानंतर पुन्हा त्रास देणार नाही." यावरही उत्तर आलं नसतं तर विषय तिथेच संपवायचा, असं आमचं ठरलं होतं. मग त्या विषयातला दुसरा माणूस शोधायचा. मात्र एकाच वेळी एकाच कार्यालयातल्या तिघांना तोच मेल पाठवायचा नाही. आमच्या कंपनीत असं एकदा झालंय. जेवणाच्या डब्याभोवती तिघांनी फोन काढले आणि तिघांच्याही मेलमध्ये 'फक्त आपणच मला योग्य दिशा दाखवू शकता' असं होतं. एकात तर नावाचा अक्षरआकार बाकीच्या मजकुरापेक्षा वेगळा होता, चिकटवलेला उघड दिसत होता. तिघांनीही उत्तर दिलं नाही.

आठवणीनंतर दुसऱ्याच दिवशी बाईंचं उत्तर आलं: "दौऱ्यावर होते. रविवारी ११ला करा." एवढंच. मोठी माणसं अशीच लिहितात, त्याचा राग मानू नये.

भाचीने प्रश्न कागदावर लिहून घेतला, एका बाजूला घड्याळ ठेवलं. बाई बोलायला मोकळ्या निघाल्या. चौदाव्या मिनिटाला हिने त्यांना मध्येच, पण हळूच सांगितलं, "मॅडम, पंधरा मिनिटं होत आली, तुम्हाला निघायचं असेल तर..." पलीकडून हसू आलं आणि मग बोलणं चाळीस मिनिटं चाललं. त्यांनी सांगितलं ते थोडक्यात असं: एम.टेक. कर, पण एक पावसाळा धरणावर काढल्यानंतर. ज्याने पाऊस पडत असताना रात्री टॉर्च घेऊन नोंद घेतली नाही, त्याला वर्गात पाझराचे आलेख दाखवले तरी ते त्याला आकडेच वाटतात. कनिष्ठ कामात पगार कमी मिळेल, आताच्या साइटपेक्षा कमी, हेही त्यांनी न विचारता सांगितलं. नोकरीचा विषय हिने काढला नाही. दोन कंपन्यांची नावं बाईंनी आपणहून दिली आणि म्हणाल्या, माझं नाव सांगायला हरकत नाही. ते त्यांनी म्हणायचं होतं. हिने मागितलं असतं तर 'बघते' ऐकायला मिळालं असतं.

दुसऱ्या दिवशी आभाराचा मेल गेला, चार ओळींचा. त्यात फार उपकार झाले वगैरे नव्हतं. काय ऐकलं आणि त्यावरून आता काय करणार, एवढंच होतं. मग फेब्रुवारी ते जून एक अक्षर नाही. दर सणाला शुभेच्छांचं चित्र पाठवून 'संपर्कात राहणं' ही भाचीची योजना होती, ती मी हाणून पाडली.

जूनमध्ये ती त्या दोनांपैकी एका कंपनीत लागली, पगार खरंच कमी. जुलैत एका मातीच्या धरणावर गेली, आणि तिथून तिने बाईंना दोन ओळी पाठवल्या: तुम्ही सांगितलं तसं आधी धरणावर आले आहे, आज व्ही-नॉचची पहिली नोंद घेतली, पाझर कालपेक्षा वाढला आहे. यात मागणं काहीच नव्हतं, उत्तराची अपेक्षाही नव्हती.

पावसाळा ऐन भरात, धरणवाल्यांना श्वास घ्यायला फुरसत नसते असे दिवस. वीस मिनिटांत बाईंचा मेल आला: "रंग?"